रेटिंग उतरलं की व्याज का चढतं: उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचा पूर्ण हिशोब

आमच्या बेळगावात पूर्वी चार पैसे शिल्लक राहिले की सोसायटीत ठेव ठेवायची, नाहीतर खानापूर रोडला प्लॉट बघायचा, एवढंच होतं. आता टिळकवाडीतली रिटायर मंडळी मोबाईलवर कंपन्यांचे बाँड घेताहेत, कारण सेबीनं खाजगी प्लेसमेंटच्या बाँडची दर्शनी किंमत १० लाखांवरून २०२३ मध्ये १ लाखावर आणली आणि २०२४ मध्ये काही अटींवर थेट १० हजारांवर. ॲपवर एका बाजूला व्याजदर लिहिलेला असतो आणि त्याच्या शेजारी छोट्या चौकटीत रेटिंग. व्याजदर सगळे वाचतात, चौकट कोण वाचत नाही.

दुसरीकडे उद्यमबागेतले, मच्छे-नावग्याकडचे कारखानदार आहेत, त्यांना हीच चौकट उलट्या बाजूनं चावते. रेटिंग उतरल्याचं पत्र आलं की मालक अकाउंटंटला विचारतात, "आजपासून व्याज वाढलं काय ओ?" याचं खरं उत्तर आहे, बहुतेक वेळा आज नाही वाढलं, पण कधी आणि किती वाढणार ते तुमच्या कागदांत आधीच लिहिलेलं आहे, फक्त चार वेगवेगळ्या ठिकाणी. ते कसं शोधायचं आणि आकडा कसा काढायचा तेवढंच इथं सांगतो. त्यासाठी एक फाउंड्री घेऊ, काल्पनिक आहे, कुणी आपल्यावर ओढून घेऊ नका, पण आकडे आपल्या इथल्या मध्यम साइजच्या कास्टिंगवाल्याला शोभतील असे घेतलेत.

आधी शिडी समजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे

भारतात क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज, ॲक्युइटे अशा एजन्सी सेबीच्या परवान्यानं रेटिंग देतात. लांब मुदतीच्या कर्जाची शिडी वरून खाली अशी: ट्रिपल ए, डबल ए, ए, ट्रिपल बी, डबल बी, बी, सी आणि शेवटी डी, म्हणजे पैसे बुडवले. डबल ए पासून खाली अधल्यामधल्या पायऱ्यांना प्लस-मायनस लागतं, म्हणजे ए च्या खाली ए मायनस, त्याच्या खाली ट्रिपल बी प्लस, असं. ट्रिपल बी मायनसपर्यंत इन्व्हेस्टमेंट ग्रेड, त्याच्या खाली गेलं की बहुतेक मोठे खरेदीदार दारातच थांबतात.

दोन गोष्टींत लोकांचा घोळ होतो. एक म्हणजे रेटिंग कंपनी चांगली की वाईट ते सांगत नाही, नफा किती होईल तेही नाही. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम पूर्ण येईल का, एवढ्याच प्रश्नाचं ते मत आहे. एक दिवस उशीर किंवा एक रुपया कमी आला तरी नियमानं ते डिफॉल्ट, तिथं 'बँकेला सुट्टी होती, सोमवारी भरतो' चालत नाही. दुसरं म्हणजे रेटिंगची फी ती कंपनीच भरते, गुंतवणूकदार नाही. यात हितसंबंधाचा वास येतोच, आणि तो लक्षात ठेवूनच रेटिंग वाचायचं असतं.

आपली फाउंड्री

उद्यमबागेत शेड, पंप, व्हॉल्व्ह आणि गाड्यांच्या भागांची कास्टिंग, गिऱ्हाईक पुणे-कोल्हापूरकडचं. एकूण कर्ज ७५ कोटी. त्यातले ४० कोटी एनसीडीचे, म्हणजे बाँडचे, कूपन, म्हणजे ठरलेलं व्याज, १०.२५ टक्के, ते वर्षातून एकदा, मुद्दल एकदम शेवटी, आणि मुदत संपायला २ वर्षं उरलीत. बाकी ३५ कोटी बँकेचं कॅश क्रेडिट, ३७ कोटींच्या लिमिटपैकी वापरलेलं, ९.७५ टक्क्यांनं. रेटिंग ए.

म्हणजे वर्षाचं व्याज बाँडवर ४ कोटी १० लाख आणि बँकेचं साधारण ३ कोटी ४१ लाख, मिळून ७ कोटी ५१ लाख. व्याज, घसारा, टॅक्स या सगळ्याच्या आधीची कमाई, ज्याला एबिटा म्हणतात, ती २६ कोटी होती. म्हणजे व्याजाच्या जवळपास साडेतीन पट.

मग पिग आयर्न-स्क्रॅप महागलं, दरवाढ गिऱ्हाईकाकडून वसूल व्हायला दोन तिमाह्या गेल्या, तेवढ्यात एका मोठ्या गिऱ्हाईकानं ऑर्डर कमी केली. एबिटा १९ कोटींवर आला. कर्ज तेवढंच. आधी कर्ज कमाईच्या २.९ पट होतं, आता ३.९५ पट. एजन्सीनं ए वरून ट्रिपल बी प्लस केलं, म्हणजे दोन पायऱ्या खाली.

पहिलं काम: एजन्सीचं पत्र शेवटून वाचायचं

एजन्सी रेटिंग बदलते तेव्हा तिच्या साइटवर कारणांसकट प्रसिद्धीपत्रक टाकते, फुकट असतं, कुणीही वाचू शकतं. लोक वरचा तक्ता बघतात आणि बंद करतात. माझ्या मते त्यातले दोनच परिच्छेद सोन्याचे असतात.

पहिला लिक्विडिटीचा. त्यात रोकड किती, लिमिटचा वापर किती आणि येत्या वर्षात किती परतफेड आहे हे लिहिलेलं असतं. आपल्या फाउंड्रीचं लिमिट ९५ टक्के वापरात आहे, म्हणजे एक मोठं पेमेंट पंधरा दिवस लांबलं तर पगाराला हात पसरायची वेळ. एजन्सी याला नफ्यापेक्षा जास्त घाबरते, आणि ते बरोबरच आहे, कारण कारखाने तोट्यानं हळूहळू खंगतात पण रोकड संपली की एका दिवसात डिफॉल्ट होतात.

दुसरा परिच्छेद म्हणजे रेटिंग कशानं चढेल आणि कशानं उतरेल याची यादी. बऱ्याच वेळा त्यात सरळ आकडा असतो, उदाहरणार्थ 'कर्ज एबिटाच्या साडेतीन पटीच्या वर राहिलं तर रेटिंग खाली येऊ शकतं'. आपल्या फाउंड्रीच्या मागच्या वर्षीच्या पत्रात हे वाक्य होतं असं धरा, म्हणजे कमाई १९ कोटींवर आली त्या तिमाहीतच कोणीही कॅल्क्युलेटर घेऊन सांगू शकला असता की हे होणार. डाऊनग्रेड अचानक आलं असं म्हणणाऱ्या दहातल्या सात जणांनी हे वाक्य वाचलेलं नसतं, हे आपलं माझं निरीक्षण.

आउटलुकही बघा, म्हणजे रेटिंग पुढं कुठं झुकतंय याबद्दल एजन्सीचा अंदाज. स्टेबलवरून निगेटिव्ह झालं की ती पूर्वसूचना आहे. आणि रेटिंगच्या मागे 'इश्युअर नॉट कोऑपरेटिंग' लागलेलं असेल, म्हणजे कंपनीनं एजन्सीला माहिती देणं किंवा फी भरणं बंद केलंय, तर ते रेटिंग जुन्या किंवा अर्धवट माहितीवर उभं आहे असं समजायचं. आपल्याकडं काही मालकांना वाटतं की आकडे खराब आलेत तर एजन्सीचा फोनच घ्यायचा नाही, मग कळणार कसं. कळत नाही हे खरं, पण एजन्सी अशा वेळी अंधारात वाईटच धरते.

दुसरं काम: जुन्या बाँडचं कूपन बदलतं का ते शोधा

इथं सगळ्यात मोठा गैरसमज आहे म्हणून जरा थांबतो. बाँडचं व्याज ठरलेलं असतं. १०.२५ टक्के लिहून दिलं म्हणजे रेटिंग ए असो की ट्रिपल बी प्लस, कंपनी तेवढंच देणार. रेटिंग उतरल्या दिवशी नुकसान होतं ते बाँड ज्याच्याकडं आहे त्याचं, कारण आता तसाच धोक्याचा नवीन बाँड बाजारात जास्त व्याज देतोय, मग याचा १०.२५ वाला पूर्ण भावानं कोण घेणार.

किती उतरतो ते बघू. समजा ट्रिपल बी प्लसच्या अशा कंपनीकडून बाजार आता १२ टक्के मागतोय. १० हजारांचा बाँड, वर्षाला १०२५ व्याज, दोन वर्षं बाकी. पहिलं व्याज एका वर्षानं येणार म्हणून १०२५ भागिले १.१२, म्हणजे ९१५. दुसऱ्या वर्षी व्याज आणि मुद्दल मिळून ११,०२५, ते दोनदा १.१२ नं भागायचं, ८,७८९. बेरीज ९,७०४. एक्सेलमध्ये एका ओळीत येतं:

```
=PV(12%,2,-1025,-10000)
```

म्हणजे १० हजारामागं जवळपास २९६ रुपये गेले, तेही फक्त दोन वर्षं उरलीत म्हणून. पाच वर्षं उरली असती तर फटका याच्या दुपटीच्या वर गेला असता, सूत्रात २ च्या जागी ५ टाकून बघा. मुदतीपर्यंत धरून ठेवलं आणि कंपनीनं पैसे दिले तर हे नुकसान कागदावरच राहतं, पण मधेच मुलीच्या लग्नाला विकावं लागलं तर ते खरं होतं. वर छोट्या कंपनीच्या बाँडला गिऱ्हाईक मिळणं हाच एक वेगळा त्रास.

तर कंपनीवर यातलं काय पडलं? सरळ हिशोबात काहीच नाही. पण टर्मशीटमध्ये, म्हणजे बाँडच्या अटींच्या कागदात, एक कलम असू शकतं, रेटिंग उतरलं की कूपन चढणार, प्रत्येक पायरीला साधारण पाव टक्का असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. इंग्रजी कागदांत याला स्टेप-अप म्हणतात आणि ते माहितीपत्रकात 'कूपन' या शीर्षकाखाली किंवा त्याच्या लगेच पुढं असतं. आपल्या फाउंड्रीत ते आहे असं धरू. दोन पायऱ्या, अर्धा टक्का, ४० कोटींवर वर्षाला २० लाख. तारीखही बघा, काही ठिकाणी डाऊनग्रेडच्या दिवसापासून लागू, काही ठिकाणी पुढच्या व्याज तारखेपासून.

या कलमामुळं गुंतवणूकदाराचं नुकसान थोडं कमी होतं. वरच्याच सूत्रात १०२५ च्या जागी १०७५ घाला, भाव ९,७८९ येतो. म्हणजे फटक्याचा काही भाग कंपनीनं उचलला.

तिसरं काम: बँकेचा दर, इथं गणित सगळ्यात उघड आहे

बँक व्याज वाढवते तेव्हा लोकांना वाटतं मॅनेजरनं खुन्नस काढली. त्यामागं रिझर्व्ह बँकेच्या भांडवलाच्या नियमांचं सरळ गणित असतं. कमर्शियल बँकेनं दिलेल्या प्रत्येक कर्जामागं स्वतःचं भांडवल ठेवावं लागतं, आणि किती ठेवायचं ते कर्जदाराच्या रेटिंगवर ठरतं. बासेल तीनच्या स्टँडर्डाइज्ड पद्धतीत कंपनीच्या कर्जाचं रिस्क वेट ट्रिपल ए ला २० टक्के, डबल ए ला ३०, ए ला ५०, ट्रिपल बी ला १०० आणि डबल बी व खाली १५० टक्के असं चालत आलंय.

आता नीट बघा. डबल ए वरून ए ला घसरलात तर ३० चे ५० होतात. पण ए च्या गटातून ट्रिपल बी च्या गटात पडलात की ५० चे थेट १००, दुप्पट. प्लस-मायनसचा इथं फरक पडत नाही, गट बदलला की पडतो. म्हणून ए वरून ए मायनसवर आलं तर बँकेच्या या हिशोबात काहीच हलत नाही, आणि ए मायनसवरून ट्रिपल बी प्लसवर एकच पायरी उतरलं तरी सगळं हलतं.

आपल्या ३५ कोटींचं करून बघू. आधी ५० टक्के वेट, म्हणजे साडेसतरा कोटी जोखमीचं कर्ज, त्यावर कॉन्झर्व्हेशन बफर धरून ११.५ टक्के भांडवल, साधारण २ कोटी १ लाख. आता १०० टक्के वेट, भांडवल ४ कोटी २ लाख. म्हणजे तेच कर्ज, तोच कारखाना, पण बँकेचे आणखी २ कोटी १ लाख रुपये अडकले.

हे पैसे आधी बँक ठेवीतून लावत होती, समजा ७ टक्क्यांच्या खर्चानं. आता ते शेअरहोल्डरच्या पैशातून, ज्यावर टॅक्सच्या आधी समजा १८ टक्के तरी मिळावेत अशी अपेक्षा. फरक ११ टक्क्यांचा. २ कोटी १ लाखावर ११ टक्के म्हणजे वर्षाला २२ लाख. ३५ कोटींवर पसरलं तर ०.६३ टक्के. बँक पत्रात '६० बेसिस पॉइंट वाढवत आहोत' लिहिते, म्हणजे ०.६० टक्के, तो आकडा असा कुठूनतरी येतो. ७ आणि १८ हे माझे अंदाज आहेत, बँकेबँकेला वेगळे असतील, पण पद्धत हीच. ६० बेसिस पॉइंट धरून आपल्या फाउंड्रीला वर्षाला २१ लाख.

एक गोष्ट मालकांना माहीत नसते. एमसीएलआरच्या, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या खर्चावर ठरणाऱ्या दराच्या कर्जात बँक जुन्या कर्जदाराचा स्प्रेड, म्हणजे त्या दरावरची वाढ, मनाला येईल तशी वाढवू शकत नाही, पत खालावली तर वाढवू शकते. लघु-मध्यम उद्योगांची बाहेरच्या बेंचमार्कला जोडलेली कर्जं असतात त्यातही पतजोखमीचा प्रीमियम करारात ठरल्याप्रमाणं, पत मोजणीत ठळक बदल झाला तरच हलतो. म्हणजे डाऊनग्रेड हे बँकेला ते दार उघडणारं कारण आहे. पत्र आलं की मंजुरीपत्र काढा आणि वाढ कुठल्या कलमाखाली केलीय ते विचारा. आणि बोलणी कधी करायची तर पत्र यायच्या आधी, नंतर फक्त विनवणी उरते.

आपल्या भागातल्या सोसायट्या, पतसंस्था यांना हे रिस्क वेटचे तक्ते असे लागू नसतात, म्हणून 'तिकडं तर रेटिंगच विचारत नाहीत' असं कोण म्हणालं तर ते खरं आहे. पण ३५ कोटींची सोय तिथं होत नाही.

चौथं काम: मुदत कधी संपते, कारण खरा फटका तिथं आहे

आतापर्यंत २० आणि २१, मिळून ४१ लाख. मालक म्हणतील, ठीक आहे, सोसू. पण दोन वर्षांनी ४० कोटींचं मुद्दल द्यायचंय आणि ते गल्ल्यात नाही, फाउंड्रीच्या पैशाचं लोखंड आणि मशीन झालेलं असतं. म्हणजे नवीन बाँड काढून जुना फेडायचा. नवीन बाँड तेव्हाच्या रेटिंगवर, तेव्हाच्या दरानं.

दर १२ टक्के धरला. जुन्या १०.२५ पेक्षा १.७५ जास्त, ४० कोटींवर वर्षाला ७० लाख. स्टेप-अपचे २० लाख तेव्हा संपतील, त्याजागी हे ७० येतील. बँकेचे २१ धरून एकूण ९१ लाख.

आता कुणी विचारेल, बँक ०.६ नं समाधानी आहे मग बाजार पावणेदोन का मागतो? धोका खरोखर तेवढा वाढला का? अंदाज करू. समजा ए ला वर्षात बुडण्याची शक्यता ०.३ टक्के आणि ट्रिपल बी प्लसला १ टक्का, आणि बुडालं तर १०० पैकी ६५ जातात. मग अपेक्षित नुकसान ०.२ वरून ०.६५ झालं, म्हणजे वाढ अर्ध्या टक्क्याच्याही आत. निव्वळ धोक्याचे पैसे एवढेच. उरलेलं सव्वा टक्क्याच्या वरचं कुठून आलं?

ते आलं गिऱ्हाईक कमी झाल्यामुळं. विमा कंपन्या, पेन्शन फंड, बहुतेक डेट म्युच्युअल फंड यांच्या नियमांत किंवा स्वतःच्या धोरणात एका रेटिंगच्या खालचा कागद घ्यायला मनाई किंवा मर्यादा असते. त्यांचा फंड मॅनेजर कंपनीवर खूश असला तरी हात बांधलेले. आपल्या एपीएमसीत बटाटा तोच असतो, पण मोठे खरेदीदार त्या दिवशी आले नाहीत की भाव किरकोळवाले ठरवतात, तसंच. उरतात काही एनबीएफसी, काही श्रीमंत कुटुंबांचे फंड आणि ॲपवरून घेणारे तुम्ही-आम्ही, आणि यांना माहीत असतं की मधेच विकायचं म्हटलं तर घेणारा नाही. त्या अडकून पडण्याचा मोबदलाही दरात धरलेला असतो. शिवाय इथं सुद्धा पायऱ्या सारख्या नाहीत. डबल ए वरून डबल ए मायनस झालं तर गिऱ्हाईक बहुतेक तेच राहतं, पण ए च्या गटातून बाहेर पडलं किंवा इन्व्हेस्टमेंट ग्रेडच्या खाली गेलं की एकदम माणसं उठून जातात.

९१ लाख हा आकडा किती मोठा? १९ कोटींच्या एबिटातून ७ कोटी ५१ लाख व्याज आणि समजा साडेसहा कोटी घसारा गेला की टॅक्सपूर्वी नफा उरतो ५ कोटींच्या आसपास. त्यातले ९१ लाख म्हणजे १८ टक्के नफा एका पत्रानं गेला. आणि पुढं गंमत अशी की व्याज ८ कोटी ४२ लाख झाल्यावर कमाई व्याजाच्या २.२६ पट उरते, तर जुन्याच दरात ती २.५३ पट राहिली असती. पुढच्या वर्षी एजन्सी बसते तेव्हा तिला २.२६ दिसतं. म्हणजे डाऊनग्रेडमुळं वाढलेलं व्याज हेच पुढच्या डाऊनग्रेडच्या कारणांत जाऊन बसतं. या चक्रात अडकायचं की नाही हे बऱ्याच अंशी मुदती कशा लावल्यात त्यावर आहे, ४० कोटी एकाच तारखेला न ठेवता चार वर्षांत दहा-दहा कोटी असते तर पहिल्या वर्षी फक्त १० कोटींना नवा दर लागला असता आणि तोवर धंदा सावरायला वेळ मिळाला असता.

पाचवं काम: कडा शोधा

वाढीव व्याजानं कारखाना सहसा मरत नाही, वसुलीच्या कलमानं मरू शकतो. टर्मशीटमध्ये स्टेप-अपच्या शेजारीच बरेचदा दुसरं वाक्य असतं, रेटिंग अमुक पायरीच्या खाली गेलं तर बाँडधारक मुदतीआधी सगळं मुद्दल परत मागू शकतात, नोटीस समजा ३० दिवसांची.

आपल्या फाउंड्रीत ही रेषा 'ट्रिपल बी प्लसच्या खाली' अशी लिहिलीय असं धरा. आज रेटिंग ट्रिपल बी प्लस आहे. म्हणजे कंपनी कड्याच्या टोकावर उभी आहे, अजून एक पायरी आणि ४० कोटींची मागणी महिन्यात. लिमिट ९५ टक्के भरलेलं, हातात दोन कोटी मोकळे. आणि मागणी पूर्ण झाली नाही की बँकेच्या करारातलं क्रॉस डिफॉल्टचं, म्हणजे एकीकडं बुडवलं तर इकडंही बुडवलं धरायचं, हे कलम जागं होतं, मग बँकही लिमिट गोठवते. एजन्सीलाही हे कलम दिसत असतं, म्हणून अशा कंपनीकडं ती जास्त कडक नजरेनं बघते.

गुंतवणूकदार म्हणून तुम्हाला वाटेल हे कलम आपल्या फायद्याचं. एकट्याला असतं तर होतं. सगळे एकाच दिवशी दारात उभे राहिले की पहिल्या दोघांनाच मिळतं, आणि ही मागणी तुम्ही एकटे ॲपवरून करत नाही, ती डिबेंचर ट्रस्टीमार्फत, म्हणजे सगळ्या बाँडधारकांच्या वतीनं नेमलेल्या संस्थेमार्फत होते. बाँड घेताना ट्रस्टी कोण आणि तारण काय हे बघायचं ते यासाठी. बाँडचा ओळख क्रमांक म्हणजे आयसिन नंबर टाकून indiabondinfo.nsdl.com वर बाँडची मुदत, कूपन, रेटिंग बघता येतं, ॲपवर दिसणारं रेटिंग कधीचं आहे ते तिथं पडताळा.

आणि बाजार पत्राची वाट बघत नाही

वरचा हिशोब असा मांडलाय जणू एजन्सी आधी बोलते आणि दर मग हलतो. खरं पुष्कळदा उलट होतं. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस २०१८ च्या उन्हाळ्यात ट्रिपल ए होती आणि सप्टेंबरात डी. त्याच सप्टेंबरात डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचं रेटिंग वरचंच असताना एका म्युच्युअल फंडानं तिचे कमर्शियल पेपर, म्हणजे थोड्या मुदतीचे कर्जरोखे, ११ टक्के यील्डनं विकल्याची बातमी आली आणि एका दिवसात शेअर ४० टक्क्यांहून जास्त पडला. रेटिंग डी व्हायला जून २०१९ उजाडलं, पण नव्या पैशाचा दर तिच्यासाठी त्या सप्टेंबरातच बदलला होता. म्हणून ॲपवर ए रेटिंगचा एखादा बाँड त्याच रेटिंगच्या इतरांपेक्षा दोन टक्के जास्त देताना दिसला की ती लॉटरी समजू नका, बाजारानं त्याला मनातल्या मनात आधीच खाली ढकललंय, पत्र यायचं बाकी आहे. मग त्याची मुदत कधी आणि त्या तारखेला पैसे कुठून येणार हे शोधा. प्रसिद्धीपत्रकात उत्तर सापडलं नाही तर मी तरी घेत नाही.

कारखानदारासाठी टर्मशीटवर सही करायच्या आधीची दोनच भांडणं महत्त्वाची. मुदतपूर्व मागणीची रेषा आजच्या रेटिंगपासून किमान चार पायऱ्या खाली ढकलून घ्यायची, त्यासाठी कूपन दहा-पंधरा बेसिस पॉइंट जास्त द्यावं लागलं तरी चालेल, ४० कोटींवर ते ४ ते ६ लाख होतात. आणि स्टेप-अप लिहिलं की त्याच ओळीत स्टेप-डाउनही लिहून घ्यायचं, म्हणजे रेटिंग परत ए झालं की कूपन परत १०.२५ होईल. बाँड विकून देणारा अरेंजर म्हणतो 'ते समजूनच असतं साहेब', पण ट्रस्टी कागदावर लिहिलेलं तेवढंच मानतो, आणि रेटिंग दोन पायऱ्या उतरायला एक तिमाही पुरते, चढायला मात्र दोन-तीन वर्षांचे चांगले ताळेबंद दाखवावे लागतात.